प्रश्नपेढीसाठी सीटीटी की आयआरटी?

एकाच वर्गाची, एकदाच घ्यायची चाचणी असेल तर सीटीटी, म्हणजे अभिजात चाचणी सिद्धांत, पुरेसा आहे. किती टक्के मुलांना प्रश्न आला, ते त्याचं काठिण्य. वरच्या 27 टक्के मुलांतल्या बरोबर उत्तरांच्या प्रमाणातून खालच्या 27 टक्क्यांतलं प्रमाण वजा केलं की भेदकता. ती उणे आली तर मी आधी उत्तरसूची तपासतो.

अडचण सुरू होते ती प्रश्न पेढीत ठेवताना. पाचवीच्या शिष्यवृत्ती सरावातला अपूर्णांकांचा एक प्रश्न जळगाव शहरात 73 टक्के मुलांना आला, धडगावकडे 27 टक्के मुलांना. मग पेढीत सोपा लिहायचा की अवघड? सरासरी 50 लिहिली तर ती दोन्हीकडे खोटी. सीटीटीतलं काठिण्य समोर कोण बसलंय त्यावर हलतं. मला आयआरटीकडे, म्हणजे प्रश्न-प्रतिसाद सिद्धांताकडे, नेलं ते याच त्रासाने.

आयआरटीत मुलाची क्षमता आणि प्रश्नाचं काठिण्य एकाच पट्टीवर बसतात. राशच्या साध्या प्रतिमानात दोन्ही सारखी असतील तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता 50 टक्के. क्षमता एका एककाने जास्त असेल तर 73, एका एककाने कमी असेल तर 27. आपल्या प्रश्नाचं काठिण्य 0.5 धरा. शहरातला मुलगा 1.5 वर आणि धडगावचा उणे 0.5 वर असेल, तर दोन्ही निकाल त्या एकाच आकड्यातून निघतात. प्रत्यक्षात गटातली मुलं विखुरलेली असतात, त्यामुळे हिशोब थोडा सरकतो. मात्र दोन्हीकडच्या पेपरांत साधारण पाचवा हिस्सा प्रश्न सामाईक हवेत, नाहीतर पट्ट्या जुळत नाहीत. एवढं करूनही सारख्या क्षमतेच्या मुलांना धडगावकडेच तो प्रश्न जड जात असेल, तर भाषा तपासावी. घरी पावरी बोलणाऱ्या मुलाला गणित येत असतं, पण उदाहरणातला एखादा शब्द अडतो.

भेदकतेतही असंच. शंभरातल्या 95 मुलांना आलेला प्रश्न घ्या. चुकलेली पाचही मुलं तळाच्या 27 मधली असली तरी भेदकता 5 भागिले 27, म्हणजे 0.19. आपली नेहमीची 0.20 ची चाळणी लावली की प्रश्न बाद, आणि सगळ्यात मागे पडलेली मुलं ओळखणारा प्रश्न नेमका तोच. आयआरटीत क्षमता वाढेल तशी बरोबर उत्तराची शक्यता कशी वाढते ते दाखवणारा प्रत्येक प्रश्नाचा वक्र असतो. काठिण्य म्हणजे त्या वक्राची पट्टीवरची जागा आणि भेदकता म्हणजे त्याचा चढ, त्यामुळे केवळ सोपा म्हणून प्रश्न मार खात नाही. राशमध्ये मात्र सगळ्यांचा चढ सारखाच धरतात. तो वेगळा काढायला दोन-प्राचली प्रतिमान लागतं, आणि चुकणारी मुलंही पुरेशी लागतात.

खरी अट संख्येची आहे. राशला दोनशेच्या आसपास मुलं असली तर बरं, दोन-प्राचलीला पाचशे. चाळीसांच्या वर्गावर आयआरटी चालवू नये, आकडे डळमळतात. माझ्यापुरतं सांगायचं तर सीटीटीने उत्तरसूचीच्या चुका आणि उणे भेदकतेचे प्रश्न काढतो, आणि तीन-चार शाळांची उत्तरं एकत्र आली की पेढीत राशचंच काठिण्य लिहितो.