सॅशे घ्यावे की मोठे पॅक? शॅम्पू आणि धुण्याच्या पावडरचा प्रत्येक वापरामागचा खर्च

शॅम्पू किंवा धुण्याची पावडर घेताना बहुतेक जण वेष्टनावरच्या किमतीला वजनाने किंवा मिलिलिटरने भागतात आणि जो आकडा लहान येईल ते पॅक उचलतात. हा भागाकार आवश्यक आहे, पण तो अर्धाच हिशेब आहे. घरखर्चातून पैसे जातात ते एका वेळी प्रत्यक्ष किती माल वापरला गेला त्यानुसार. सॅशेमध्ये ते प्रमाण कारखान्यातच ठरलेले असते, तर बाटलीतून ते आपला हात ठरवतो. त्यामुळे एकाच घरातल्या दोन व्यक्तींसाठी या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी येऊ शकतात.

किमती जागोजागी वेगळ्या असल्यामुळे पुढील उदाहरणात एका सॅशेची किंमत म्हणजे एक एकक असे धरू. सॅशेत ६ मिलि शॅम्पू आहे आणि त्याच शॅम्पूची ३४० मिलिची बाटली ६८ एककांना, म्हणजे ६८ सॅशेंच्या किमतीला मिळते, असे समजा. ६८ सॅशेंमध्ये ४०८ मिलि शॅम्पू येतो, बाटलीत ३४० मिलि. म्हणजे येथे सॅशेच स्वस्त आहे. मोठे पॅक नेहमी स्वस्त पडते ही समजूत शॅम्पूच्या बाबतीत पुष्कळदा खोटी ठरते, कारण सॅशेची किंमत एका लहान, ठरावीक नाण्याशी बांधलेली असते आणि उत्पादकाला ती सहजासहजी वाढवता येत नाही, तर बाटलीच्या किमतीत जाड प्लास्टिक, झाकण आणि पंप यांचाही खर्च धरलेला असतो.

आता हेच गणित डोक्यावर आणून पाहू. बाटलीतला ५ मिलि शॅम्पू एका एककाला पडतो. ज्याचे केस आखूड आहेत आणि ज्याला ४ मिलि पुरतो, त्याला बाटलीतून एक वापर ०.८ एककात पडेल. सॅशे मात्र फोडले की पूर्ण एक एकक खर्च झालेच, कारण उरलेला २ मिलि शॅम्पू बहुधा त्याच वेळी डोक्यावर जातो किंवा न्हाणीघरातल्या फळीवर वाळतो. मिलिमागे महाग असलेली बाटली त्याला अशा रीतीने स्वस्त पडते. याउलट कमरेपर्यंत केस असलेल्या व्यक्तीला १२ मिलि लागत असेल, तर दोन सॅशे पूर्ण वापरली जातात आणि खर्च २ एकक होतो. बाटलीतून तेवढाच शॅम्पू घेतला तर २.४ एकक मोजावे लागतात. मधल्या मापाचे केस असतील तर पारडे पुन्हा फिरते. ८ मिलि लागणाऱ्याला दुसरे सॅशे फोडावेच लागते आणि त्याचे २ एकक जातात, तर बाटलीतून त्याचे काम १.६ मध्ये होते. सॅशेचा खर्च पायऱ्यांनी चढतो आणि बाटलीचा सरळ रेषेत, हे एकदा ध्यानात आले की उलटसुलट वाटणारी ही उत्तरे सहज उलगडतात.

महिन्याचा हिशेब असा मांडता येईल. घरात आखूड केसांच्या दोघांचे मिळून महिन्याला २४ वापर आणि लांब केसांच्या एका व्यक्तीचे ८ वापर होतात, असे धरू. सर्वांनी सॅशे वापरली तर ४० एकक लागतील, सर्वांनी बाटली वापरली तर ३८.४ एकक. परंतु आखूड केसांच्या दोघांनी बाटली आणि तिसऱ्या व्यक्तीने सॅशे वापरली, तर खर्च ३५.२ एककांवर येतो. केवळ सॅशे वापरण्याच्या तुलनेत ही १२ टक्के बचत आहे आणि त्यासाठी कोणालाही शॅम्पू कमी घ्यावा लागलेला नाही.

या साऱ्या गणिताचा आधार म्हणजे आपला खरा वापर, आणि तो अंदाजाने सांगता येत नाही. नवी बाटली उघडताना तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवावी, प्रत्येक वापरानंतर तिच्यावर एक रेघ मारावी आणि बाटली संपल्यावर एकूण मिलिंना रेघांच्या संख्येने भागावे. एक बाटली अनेक जण वापरत असतील तर ही सरासरी दिशाभूल करते. अशा वेळी प्रत्येकाने एकदा नेहमीइतका शॅम्पू ५ मिलिच्या मोजचमच्यात ओतून पाहावा. पंपाची बाटली असेल तर एका दाबात किती येतो तेही असेच मोजता येते. पुष्कळांना सवयीने दोन वेळा पंप दाबायचा असतो आणि एक दाब पुरेसा आहे का, हे त्यांनी कधी तपासलेलेच नसते.

धुण्याच्या पावडरीचे चित्र वेगळे आहे. येथे मोठी पिशवी बहुधा खरोखरच स्वस्त असते, मात्र ती बचत हाताने गमावण्याची शक्यताही अधिक असते. समजा, ७५ ग्रॅमची पुडी एका एककाला आणि एक किलोची पिशवी १० एककांना मिळते. पुडीतल्या पावडरीचा दर ग्रॅममागे साधारण ०.०१३३ एकक होतो आणि पिशवीतल्या पावडरीचा ०.०१, म्हणजे पिशवी पाव हिश्शाने स्वस्त. एका धुण्याला ६० ग्रॅम पावडर लागत असेल, तर पुडीतून ०.८ आणि पिशवीतून ०.६ एकक खर्च होईल. पण पिशवी भरलेली दिसते तेव्हा हात सैल सुटतो. माप सपाट न भरता शिगोशीग भरले आणि ६० ऐवजी ८० ग्रॅम पडले, की पिशवीचा खर्चही ०.८ होतो आणि सगळा फायदा पाण्यात जातो. त्याहून जास्त पावडर पडली, तर पुडीच स्वस्त ठरते.

पावडर जास्त पडते आहे हे कपडेच सांगतात. दुसऱ्यांदा खळबळल्यावरही पाण्यावर फेस राहतो, गडद कपड्यांवर वाळल्यानंतर पांढुरके पट्टे दिसतात, टॉवेल कडक होतात. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे, परंतु तो कमी दिसला की आणखी पावडर टाकण्याचा मोह होतोच. पाणी जड असेल तर फेस कमी येतो आणि पावडरही खरोखर थोडी जास्त लागते. म्हणून वेष्टनावर जड पाण्यासाठी वेगळे प्रमाण दिले असेल तर तेच पाळावे. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ६० ग्रॅम पावडर तोलून मापाच्या डब्यावर तेथे रेघ ओढून ठेवली, की पुढे तोलण्याची गरज उरत नाही. पावडर बदलली की मात्र ही रेघ नव्याने ओढावी लागते, कारण हलक्या आणि दाट पावडरींचे एकाच मापातले वजन सारखे नसते. पिशवीचे तोंड घट्ट बंद नसेल तर दमटपणाने गुठळ्या होतात, त्या नीट विरघळत नाहीत आणि तेवढा माल वाया जातो.

रोकड हाताशी किती आहे, हाही या निर्णयाचा खरा भाग आहे. बाटलीसाठी ६८ एकक एकदम द्यावे लागतात. महिनाअखेरीस तेवढी रक्कम अडकल्यामुळे दुसरीकडे उसनवारी करावी लागत असेल, तर काही एककांच्या बचतीसाठी ती ओढाताण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या बाजूला, सॅशेच्या अनेक थरांच्या वेष्टनावर पुनर्प्रक्रिया करणे अवघड असते आणि त्याचा कचरा बाटलीपेक्षा कठीण ठरतो. दोन्ही पर्यायांच्या खर्चात फारसा फरक नसेल, तर मी बाटलीकडे झुकेन.

केलेला हिशेब कायमचा मात्र धरू नये. सॅशेची किंमत तीच ठेवून आतला माल ६ मिलिवरून ५ वर आणला जाऊ शकतो आणि ते किमतीवरून कळत नाही. म्हणून नवी पुडी घेताना किंमत नव्हे, तर निव्वळ वजनाचा किंवा मिलिचा बारीक अक्षरातला आकडा वाचावा आणि तो बदललेला दिसला की भागाकार पुन्हा करावा.