सोडवलेले जुने पेपर आणि स्टीम टेबल: पाच महिन्यांनंतर

मी खानापूरहून रोज बसने बेळगावला कॉलेजला येतो. थर्मोडायनामिक्सची गणितं जमेनात म्हणून एका सीनियर दादाकडून व्हीटीयूच्या जुन्या पेपरांची सोडवलेली उत्तरं घेतली, झेरॉक्स मारून स्पायरल करून घेतली. पाच महिने तीच वापरली. रँकिन सायकलच्या गणितांपुरता अनुभव लिहितो, कारण माझे सगळ्यात जास्त मार्क तिथेच गेले आणि तिथेच परत मिळाले.

सुरुवातीला माझी पद्धत एकच होती. प्रश्न वाचायचा, संचात तसाच दिसणारा प्रश्न शोधायचा आणि त्याच ओळींमध्ये आपले आकडे भरायचे. इंटर्नल परीक्षेत आलं: २० बार, ३०० अंश सेल्सिअसची वाफ टर्बाईनमध्ये ०.१ बारपर्यंत प्रसरण पावते, कार्यक्षमता काढा. संचातला प्रश्नही २० बार आणि ०.१ बारचाच होता, म्हणून मी निर्धास्त. पण तिथली वाफ ‘ड्राय सॅच्युरेटेड’ होती. मी hg २७९९.५ आणि sg ६.३४१ उचलले आणि उत्तर काढलं ३०.३ टक्के. सरांनी पहिल्याच ओळीला लाल गोल केला.

घरी येऊन शांतपणे सोडवलं. प्रेशर टेबलमध्ये २० बारला सॅच्युरेशन तापमान २१२.४ अंश आहे. आपली वाफ ३०० अंशांची, म्हणजे ती सुपरहीटेड. तेव्हा सुपरहीटचं पान उघडायचं: h१ = ३०२३.५ आणि s१ = ६.७६६. प्रसरण आयसेंट्रॉपिक, म्हणून टर्बाईनबाहेरही एन्ट्रॉपी तीच. ०.१ बारला sf ०.६४९ आणि sg ८.१५१. ६.७६६ या दोहोंच्या मधे बसतं, म्हणजे वाफ ओली निघते. मग

x = (s१ − sf) / sfg = (६.७६६ − ०.६४९) / ७.५०२ = ०.८१५

त्यावरून h२ = १९१.८ + ०.८१५४ × २३९२.८, म्हणजे सुमारे २१४२.९. टर्बाईनचं काम ८८०.६ किलोज्यूल प्रति किलो, पंपाचं जेमतेम २, बॉयलरमध्ये दिलेली उष्णता २८२९.७. कार्यक्षमता साधारण ३१ टक्के.

मला हादरवलं ते इथे. चुकीचं उत्तर ३०.३, बरोबर ३१. शेवटचा आकडा बघून चूक कळणं शक्यच नाही! ती कळते x बघून, कारण चुकीच्या गणितात तो ०.७५९ येतो आणि बरोबर गणितात ०.८१५. म्हणून आता मी संचातलं उत्तर झाकून ठेवतो. आधी सॅच्युरेशन तापमान बघतो, टी-एस आकृतीत पहिला बिंदू घुमटाच्या वर आहे की रेषेवर ते काढतो, मगच कागद सरकवतो. सोडवलेलं उत्तर ओळींचा क्रम छान शिकवतं. कुठलं पान का उघडलं, हे मात्र त्यात कुणी लिहीत नाही, आणि गणित अडतं ते त्याच निवडीवर.

संचात एक खरी चूकही सापडली. पंपाचं काम म्हणजे vf गुणिले दाबातला फरक. एका उत्तरात बारचे पास्कल करून २०१० आकडा काढला होता आणि तो तसाच किलोज्यूलमध्ये मिळवला होता. तो जूल आहे. किलोज्यूलमध्ये हवा असेल तर बारला १०० ने गुणून किलोपास्कल करायचे: ०.००१०१ × १९९० = २.०१. ही चूक ओळखायला सोपी आहे, कारण पंपाला टर्बाईनपेक्षा जास्त काम लागतं असं दिसतं आणि निव्वळ काम उणे येतं. उतरवण्याच्या नादात मी दोनदा तिच्यावरून पुढे गेलो होतो.

उलट एका गोष्टीत मी उगाच वेळ घालवला. माझं h१ संचाशी जुळेना, तिथे ३०२५.० होतं. अर्धा तास बेरजा तपासल्या. कारण एवढंच, की त्यांनी दुसरं स्टीम टेबल वापरलं होतं. एक-दोन किलोज्यूलचा फरक दोन तक्त्यांमध्ये असतोच. पेपरात जे डेटा हँडबुक घेऊन बसणार, त्याचेच आकडे पहिल्यापासून वापरा.

घ्यावा का असा संच? घ्यावा, पण पहिला महिना नाही. आधी पाच-सहा गणितं वहीत स्वतः अडत अडत सोडवा. मी तसं केलं नाही आणि इंटर्नलचे मार्क घालवले.

माझी प्रत आता निपाणीच्या एका ज्युनियरकडे जाणार आहे. पंपाच्या त्या ओळीवर पेन्सिलीने दुरुस्ती केली आहे, आणि रँकिनच्या प्रत्येक प्रश्नाशेजारी समासात त्या दाबाचं सॅच्युरेशन तापमान लिहून ठेवलं आहे.