जेवणाआधीचं इन्सुलिन: रेग्युलर की अस्पार्ट?

इंदूरच्या एका वॉर्डातल्या सिस्टरताईंचा प्रश्न: जेवणाचं ताट कधी साडेबाराला येतं, कधी सव्वाला, मग कोणतं इन्सुलिन बरं?

रेग्युलर अर्ध्या तासाने काम सुरू करतं, २ ते ४ तासांत शिखर गाठतं, ६ ते ८ तास टिकतं. बाराला ८ युनिट दिलं आणि ताट सव्वाला आलं, तर साखर उतरून रुग्ण जेवणाआधीच घामाघूम होऊ शकतो. जेवण वेळेवर झालं तरी साडेतीनच्या सुमारास, पोट रिकामं होताना, साखर उतरू शकते. चारला पुन्हा डोस दिला तर आधीचा उरलेला त्यात मिसळतो.

अस्पार्ट १०-१५ मिनिटांत सुरू होतं, १ ते ३ तासांत शिखर, ३ ते ५ तासांत संपतं. ताट समोर आल्यावरच टोचा. रुग्ण नीट जेवत नसेल तर डॉक्टरांना विचारून जेवणानंतर लगेच, खाल्लं तेवढ्या हिशेबाने. मात्र ते महाग, आणि मिलीलिटरला १०० युनिटचं असतं. रेग्युलरची व्हायल बहुधा ४० ची. ४० च्या सिरिंजमध्ये अस्पार्टच्या ८ खुणा भरल्या तर २० युनिट जातात!

साखर ७० खाली आणि रुग्ण शुद्धीत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, शिरेतून डेक्स्ट्रोज लागतं.

जेवण ठरल्या वेळी येतं आणि पैशांची ओढाताण आहे, तिथे रेग्युलर चालेल. ताटाचा नेम नाही, भूक मेली आहे, तिथे अस्पार्टच.