सोसायटीचं पत्रक: विषयवार मांडावं की कामवार?

टाकी धुणाऱ्याचा फोन, लिफ्टवाल्याची पावती, वॉचमनच्या वहीतल्या तक्रारी, खजिनदारांची थकबाकीची यादी, गणपतीच्या वर्गणीची विचारणा. सांगलीतल्या आमच्या २४ फ्लॅटच्या सोसायटीत ऑगस्टच्या पत्रकासाठी असे चौदा तुकडे जमले होते. ते एका पानावर बसवायचे दोन्ही प्रकार मी करून पाहिलेत.

विषयवार म्हणजे पाणी, लिफ्ट, हिशेब, उत्सव असे मथळे. लिहिणाऱ्याला हे सोपं पडतं आणि जुनी माहिती पुढे चटकन सापडते. अडचण येते ती एकाच तुकड्यात दोन गोष्टी असल्या की. रविवारी टाकी धुवायची होती, म्हणून ९ ते १ पाणी बंद. शिवाय जमिनीखालच्या टाकीच्या झाकणावर लागणाऱ्या दोन गाड्या शनिवारी रात्रीच हलवायच्या होत्या. मी सगळं ‘पाणी’ या मथळ्याखाली सलग लिहिलं आणि गाड्यांचं वाक्य चौथ्या ओळीत गेलं. पाणी बंद हे सगळ्यांनी वाचलं, बादल्याही भरल्या. पण एक गाडी झाकणावरच राहिली, मालक गावाला गेलेले. टाकी उघडलीच नाही.

पुढच्या महिन्यात मथळे कामवार केले: ‘तुम्ही करायचं’, ‘लक्षात ठेवायच्या तारखा’, ‘झालेली कामं’. तोच तुकडा आता दोन ठिकाणी गेला. पहिल्या मथळ्याखाली ‘शनिवारी रात्री १० पर्यंत: टाकीच्या झाकणावरच्या गाड्या हलवा’, दुसऱ्याखाली ‘रविवारी ९ ते १: पाणी बंद’. वेळ आधी, काम नंतर, कारण शेवटी किंवा नाहीच. यात लिहिणाऱ्याचा वेळ जवळपास दुप्पट जातो, कारण प्रत्येक तुकडा फोडावा लागतो. ‘तुम्ही करायचं’मध्ये पाचाहून जास्त ओळी झाल्या तर लोक तोही भाग नुसता चाळतात, अशा वेळी पुढच्या महिन्यात चालेल ते मी काढतो. छापण्याआधी शेजारच्या काकूंना अर्धा मिनिट पान दाखवून विचारतो, या आठवड्यात काय करायचंय? त्या अडखळल्या, तर ती ओळ बदलायची.

दोन गोष्टी मात्र कुठल्याही मांडणीत पत्रकावर सोडू नका. वार्षिक सभेची नोटीस विषयपत्रिकेसह पूर्ण १४ दिवस आधी स्वतंत्रच द्यावी लागते. पत्रकात फक्त तारीख. आणि पुराची पातळी: कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. आजचा आकडा छापून होईपर्यंत शिळा होतो. छापायचं ते एवढंच, की ४० फूट झाले की तळमजल्यावरच्या गाड्या कुठे न्यायच्या आणि मोटारपंपाचा स्विच कोण बंद करणार.

पत्रक दर महिन्याला निघत असेल तर कामवार घ्या. तीन महिन्यांनी एकदाच काढत असाल, तर बहुतेक तारखा उलटून गेलेल्या असतात. तिथे विषयवारच बरं.