दीड टनाचा साधा एसी, १५ महिने वापरल्यानंतर: खरी अडचण लाईन जाण्याची नाही, झपकीची

मागच्या वर्षी मार्चमध्ये दीड टनाचा, तीन स्टारचा, नॉन-इन्व्हर्टर स्प्लिट एसी घेतला. आम्ही अकोल्याचे. त्याआधीची सगळी हयात कूलरवर गेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या साध्या एसीला लागू आहे. गारवा चांगला, आवाज बेताचा, बिल अपेक्षेइतकंच. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते मे महिन्यातल्या एका रात्रीबद्दल, आणि त्यानंतर लावलेल्या स्टॅबिलायझरबद्दल.

आमच्याकडे लाईट जात नाही, 'लाईन' जाते. मे महिन्यात ती दोन प्रकारे जाते. एक सरळ जाते, तास-दोन तास येत नाही. दुसरी नुसती झपकी मारते. बल्ब मिचकतो, पंखा क्षणभर मंदावतो आणि पुन्हा वेग घेतो. त्या रात्री एकच्या सुमारास अशीच झपकी आली. एसीच्या इनडोअर युनिटवरचा २५ चा आकडा तसाच पेटलेला, ब्लोअर सुरू, म्हणून मी कूस बदलून झोपलो. दहा मिनिटांत घामाने जाग आली. हवा येत होती, पण साधी.

गच्चीवर गेलो. आउटडोअर युनिटचा पंखा फिरत होता, पण कॉम्प्रेसरचा नेहमीचा घरघराट नव्हता. तेवढ्यात आतून 'घूंऽऽ' असा जड आवाज आला, सात-आठ सेकंद राहिला आणि 'टक' होऊन थांबला. काही मिनिटांनी पुन्हा घूंऽऽ, पुन्हा टक. खालून बाबांचा आवाज आला, "अरे, एकदा बंद करून चालू कर ना!" मी खाली येऊन एमसीबी पाडला आणि लगेच उचलला. एकदा नाही, तीनदा. शेवटी युनिटच्या पत्र्याला हात लावला तर कॉम्प्रेसरकडची बाजू चटका बसेल इतकी तापली होती. मग घाबरून सगळं बंद केलं आणि कूलर लावून झोपलो.

सकाळी मेकॅनिक आला. रात्रभर बंद राहिल्यामुळे एसी पहिल्याच झटक्यात सुरू झाला, आणि मी खोटा पडलो. पण तो जुना माणूस होता. म्हणाला, "भाऊ, हे तुमचं कूलर नोहे. बंद केलं की तीन मिनिटं हात नाही लावायचा." तीन मिनिटं का, ते त्याने गेज लावून दाखवलं.

कॉम्प्रेसर चालू असताना गॅसच्या दोन बाजू असतात. खोलीकडून परत येणाऱ्या बाजूला दाब कमी असतो. आमच्या एसीत आर-३२ गॅस आहे, त्याच्या गेजचा काटा १३० पीएसआयच्या आसपास होता. बाहेरच्या कॉइलच्या बाजूला भर उन्हात हाच दाब साडेचारशे-पाचशेपर्यंत जातो. स्प्लिटमध्ये गेज लावायला बाहेरून फक्त कमी दाबाची बाजू मिळते, म्हणून आम्ही तीच पाहिली. त्याने एसी बंद करायला सांगितलं. काटा आधी भराभर, मग हळूहळू वर सरकू लागला. २०० ओलांडल्यावर मंदावला आणि पुढे जेमतेम सरकत राहिला. मी मोबाईलवर वेळ लावली होती, अडीच मिनिटांच्या थोडं वर. जास्त दाबाकडचा गॅस केसासारख्या बारीक कॅपिलरी नळीतून दुसऱ्या बाजूला झिरपतो, आणि दोन्हीकडे सारखा दाब व्हायला एवढा वेळ लागतो. तीन मिनिटांचा नियम इथून आला आहे.

आता या अडीच मिनिटांच्या आत लाईन परत आली तर काय होतं? साध्या एसीच्या कॉम्प्रेसरची मोटर सिंगल फेजची. ती एकदा फिरायला लागली की जोरदार, पण जागेवरून उठताना लेची. दोन्हीकडे दाब सारखा असेल तर सहज उठते. एका बाजूला चारशेच्या वर दाब अडून बसलेला असेल तर तिला पहिली गिरकीच घेता येत नाही. जागच्या जागी अडकते आणि करंट खेचत राहते. मेकॅनिकने क्लॅम्प मीटर लावला तेव्हा चालू एसी साडेसात अँपिअर घेत होता. अडकलेली मोटर याच्या पाच-सहा पट घेते, म्हणजे चाळीसच्या आसपास. फिरत नसल्यामुळे हा सगळा करंट मोटरच्या तारांच्या गुंडाळीत, म्हणजे वाइंडिंगमध्ये, नुसती उष्णता होऊन राहतो. तो जड 'घूंऽऽ' म्हणजे हेच.

आणि 'टक' म्हणजे ओव्हरलोड, कॉम्प्रेसरवर बसवलेली धातूची चकती. तापली की वाकते आणि सर्किट तोडते, गार झाली की आपोआप जोडते. पहिल्यांदा ती काही मिनिटांत जोडते. पण प्रत्येक फेरीत कॉम्प्रेसरचं सगळं कवच तापत जातं, मग अर्धा-पाऊण तास लागतो, आणि माणसाला वाटतं एसी मेला. मी एमसीबीबद्दल विचारलं, तो का नाही पडला? आमचा २० अँपिअरचा सी टाइप. तो झटक्यात पडायला शंभरच्या वर अँपिअर लागतात. चाळीसला तो तापून पडेपर्यंत ओव्हरलोड आधी तुटलेला असतो. थोडक्यात, त्या चकतीशिवाय रात्री वाइंडिंगला वाचवणारं कुणी नव्हतं. वाइंडिंग जळलं की नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही. आतलं तेल आम्लधर्मी होतं, सगळी नळी धुवावी लागते. नाही धुतली तर नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो.

आमचं वाइंडिंग वाचलं. मोटरला उठताना जोर देणारा कपॅसिटर मात्र गळाला होता. ३५ मायक्रोफॅरडचा, मीटरवर २७ दाखवत होता. तो आधीच कमजोर होता की त्या रात्री झाला, हे सांगणं अवघड. पण कपॅसिटर उतरला की मोटर उठताना आणखी लेची होते, म्हणजे पुढच्या झपकीला अडकण्याची शक्यता वाढते. साडेतीनशे रुपयांत बदलला.

मला खटकत होतं ते वेगळंच. दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं की एसीत तीन मिनिटांचा डिले आतच आहे. आहेही, मी घड्याळ लावून पाहिलं. रिमोटने बंद करून लगेच चालू केला तर ब्लोअर सुरू होतो, कॉम्प्रेसर तीन मिनिटांनीच. मग त्या रात्री काय झालं? उत्तर आकड्यात होतं, २५ च्या त्या पेटलेल्या आकड्यात. झपकी अर्ध्या सेकंदाची. तेवढ्या वेळात एसीचं पीसीबी, म्हणजे त्याला चालवणारं सर्किट बोर्ड, त्याच्याच छोट्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर तग धरून राहिलं. त्याच्या लेखी लाईन गेलीच नाही, म्हणून त्याने कॉम्प्रेसरची वीज जोडणारा रिले सोडला नाही. कॉम्प्रेसर मात्र दाबाच्या विरुद्ध काम करत असतो, वीज तुटली की जवळजवळ लगेच थांबतो. लाईन आली, रिले जोडलेलाच, मोटर सरळ त्या अडलेल्या दाबावर जाऊन आदळली. लाईन तासभर जाते तेव्हा एसीला काहीच होत नाही. अर्ध्या सेकंदाची झपकी त्याच्या मुळावर येते. त्यावर मी एमसीबी तीनदा खालीवर केला, तो शहाणपणा वेगळा.

त्याच आठवड्यात टाइम डिलेवाला ४ केव्हीएचा स्टॅबिलायझर लावला. दुकानात व्होल्टेजची रेंज सगळे विचारतात, डिलेचं कुणी विचारत नाही. रेंज महत्त्वाची आहेच. मोटरचा उठण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. २३० चे १७० झाले तर जोर अर्ध्याच्या किंचित वर उरतो, आणि संध्याकाळी आठला आमच्या गल्लीत १७० नवीन नाही. पण माझ्यासाठी प्रश्न हा होता की झपकी स्टॅबिलायझरला तरी कळते का. काही स्टॅबिलायझरही पीसीबीसारखेच झपकी गिळतात. तपासायची सोपी पद्धत मेकॅनिकने सांगितली: एसी नुसत्या फॅन मोडवर ठेवायचा, म्हणजे कॉम्प्रेसरला धोका नाही, आणि स्टॅबिलायझरच्या आधीचा एमसीबी झटकन खालीवर करायचा. एसीचा दिवा विझून तीन मिनिटांनी आला तर डिले काम करतोय. ब्लोअर तसाच फिरत राहिला तर तो स्टॅबिलायझर या कामाचा नाही. माझा पास झाला. काही मॉडेलवर डिले कमी करायचं बटण असतं, इन्स्टॉल करणारा टेस्टिंगसाठी ते दाबतो आणि तसंच सोडून जातो. तेवढं बघून घ्या.

स्टॅबिलायझरच्या कटकटी आहेत. रात्री व्होल्टेज हललं की कट्-कट् आवाज येतो, पहिले चार दिवस मला दचकायला व्हायचं. शिवाय दोन डिले एकापुढे एक येतात: स्टॅबिलायझरचे तीन मिनिट, मग पीसीबीचे. माझ्या मोजणीत झपकीनंतर थंड हवा यायला सहा मिनिटांच्या वर लागतात. ४५ डिग्रीत ही सहा मिनिटं लांब वाटतात.

बाबांची सवय मोडायला जास्त दिवस लागले. खोली गार झाली की बंद, उकडलं की चालू, वीस-वीस मिनिटांनी. "कूलरला काय होत होतं?" कूलरची मोटर पंखा फिरवते आणि पंप पाणी उचलतो, कुणाच्या विरुद्ध दाब नाही, म्हणून दिवसातून पन्नासदा बटण दाबलं तरी चालतं. रिमोटने बंद-चालू केल्यावर एसीत डिले मिळतो, मोटर अडकत नाही, हे खरं. पण प्रत्येक सुरुवातीला करंटचा झटका असतोच, आणि सुरुवातीला कॉम्प्रेसरमधलं तेल गॅसबरोबर नळ्यांमध्ये निघून जातं. ते फिरून परत यायला काही मिनिटं सलग चालावं लागतं. त्याआधीच बंद केलं, पुन्हा चालू केलं, की बेअरिंग दरवेळी थोड्या कमी तेलावर फिरतं. जुलैत आणखी एक गोष्ट लक्षात आली: अशा चालू-बंदमध्ये कॉइलवर जमलेलं पाणी नळीतून बाहेर जाण्याऐवजी ब्लोअरच्या वाऱ्याने परत खोलीत येतं. गार, पण दमट. आता २६ वर ठेवतात आणि थर्मोस्टॅटला त्याचं काम करू देतात.

इन्व्हर्टर एसी घेतला असता तर हे टळलं असतं का? बरंचसं. त्याचा कॉम्प्रेसर ड्राइव्हवरून, म्हणजे मोटरचा वेग ठरवणाऱ्या सर्किटवरून, हळूहळू वेग घेतो, चाळीस अँपिअरचा झटका नसतो, आणि सप्लाय तुटल्याचं ड्राइव्हला कळतं, मग तो थांबून पुन्हा सुरू होतो. पण झटक्यात तिथे पीसीबी जातं, आणि ते कपॅसिटरच्या भावात येत नाही.

यंदाच्या मे-जूनमध्ये आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर झपक्यांच्या रेघा मारल्या. ३८ झाल्या. घूंऽऽ एकदाही ऐकू आलं नाही. परवा सर्व्हिसिंगला कपॅसिटर मोजला, ३४.५ आहे. अमरावतीला बहिणीकडे फिरत्या बटणाचा जुना विंडो एसी आहे. त्यात पीसीबी नाही, डिले नाही, काहीच नाही. तिच्यासाठी पुढच्या आठवड्यात असाच स्टॅबिलायझर घेऊन जातोय.