हाताने लिहिणं की टाइप करणं: दोन वेगळे गट घ्यावेत, की एकाच मुलाकडून दोन्ही करून घ्यावं?

बारावीच्या मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी हा विषय ठरला, वर्गातली वीस-बावीस मुलं तयार झाली, की पहिला खरा प्रश्न मांडणीचा येतो. अर्ध्यांनी वहीत टिपणं काढायची आणि अर्ध्यांनी संगणकावर, ही एक पद्धत. प्रत्येकाने एकदा वहीत आणि एकदा संगणकावर, ही दुसरी. मी दोन्ही करून पाहिल्या. दोन्हींच्या बाजूने बोलता येतं, पण माझा कल कुठे आहे हे पुढे कळेलच.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. या विषयावरचा गाजलेला अभ्यास म्युलर आणि ओपनहायमर यांचा, 2014 सालचा. टाइप करणारे जास्त शब्द टिपतात, पण ऐकलं तसंच उतरवतात. त्यामुळे समजुतीच्या प्रश्नांत ते मागे पडतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. 2021 मध्ये दुसऱ्या एका गटाने तोच प्रयोग पुन्हा केला. टाइप करणाऱ्यांचे शब्द तेव्हाही जास्तच भरले, पण गुणांतला फरक मात्र पुन्हा दिसला नाही. म्हणजे फरक असलाच तरी लहान असणार. लहान फरक पकडायचा तर मांडणी तशीच हवी.

दोन गटांची मांडणी सोपी आहे, हे मान्यच. एकच उतारा, एकच दिवस, एकच चाचणी. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग ऐकवायचं, टिपणं गोळा करायची, वीस मिनिटं गणिताची कोडी सोडवायला द्यायची आणि मग प्रश्नपत्रिका. प्रश्न आधीच फुटायची भीती नाही, कुणी दुसऱ्या दिवशी गैरहजर राहण्याची चिंता नाही. वेळ कमी असेल तर हीच पद्धत बरी वाटते आणि आम्हीही तिनेच सुरुवात केली.

बारा जणांवर पहिली चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकून सहा-सहाचे गट केले. निकालात टाइप करणारे बरेच पुढे. आम्ही खूश झालो होतो, पण बाईंनी यादी पाहून एवढंच विचारलं, "पाठांतर स्पर्धेतल्या दोघी कोणत्या गटात आहेत?" दोघीही टायपिंगच्या गटात होत्या. त्यांना वहीत लिहायला लावलं असतं तरी त्या पुढेच राहिल्या असत्या, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. मग आपण मोजलं काय? टायपिंग, की त्या दोघी? याचं उत्तर आमच्या आकड्यांत कुठेच नव्हतं. एकाने सुचवलं की चिठ्ठ्या पुन्हा टाकू. पण मनाजोगते गट पडेपर्यंत चिठ्ठ्या टाकत राहायचं तर चिठ्ठीला अर्थच उरत नाही. या एका त्रासाने माझं मत बदललं.

हे कसं घडतं ते चार मुलांवर पाहा. समजा वहीत लिहून त्यांना 15 पैकी 14, 11, 9 आणि 6 गुण पडले असते आणि टाइप करून 12, 9, 8 आणि 5. प्रत्येकाचाच हाताने लिहिण्यात एक-दोन गुणांचा फायदा आहे. आता चिठ्ठीने पहिली दोघं टायपिंगला गेली आणि उरलेली दोघं वहीकडे. टायपिंगची सरासरी 10.5 येते, वहीची 7.5. मुलं तीच, निकाल उलटा. शेकडो मुलं असती तर असे योगायोग एकमेकांना खाऊन टाकतात. पण बारा किंवा वीस मुलांत ते होईलच असं नाही.

प्रत्येकाकडून दोन्ही करून घेतलं की पहिल्या मुलाची तुलना त्याच्याशीच होते: 14 वजा 12. पाठांतर चांगलं असो वा नसो, ते दोन्ही बाजूंना सारखंच मोजलं जातं. मांडणीही वाटते तितकी अवघड नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांना 'अ' उतारा, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना 'ब'. निम्मी मुलं पहिल्या दिवशी वहीत आणि दुसऱ्या दिवशी संगणकावर, उरलेली निम्मी उलट क्रमाने. 'ब' उतारा अवघड निघाला किंवा दुसऱ्या दिवशी सगळे कंटाळलेले असले, तरी त्याचा भार दोन्ही पद्धतींवर सारखाच पडतो. शिवाय एका दिवशी सगळे एकच उतारा ऐकतात, त्यामुळे मधल्या सुट्टीत प्रश्न सांगितले जाण्याचा प्रश्नच येत नाही.

या पद्धतीलाही खोट आहे. दुसऱ्या दिवशी मुलांना चाचणी कशी असते हे कळलेलं असतं आणि ती वेगळ्या सावधपणे टिपणं काढतात. यावर आम्ही आधी एक सराव फेरी घेतली आणि चाचणी होणार हे सुरुवातीलाच सांगून टाकलं. सरळ सांगितल्याने संमतीही खरी ठरते. दुसरी खोट गैरहजेरीची. आमचे तिघं दुसऱ्या दिवशी आले नाहीत आणि त्यांचे पहिल्या दिवसाचे गुणही सोडून द्यावे लागले. म्हणून वीस हवे असतील तर चोवीस जणांना विचारा.

संमतीचं काम दोन्हीकडे सारखंच आहे: अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही आणि मुलाचा स्वतःचा होकार. मात्र मित्राने तोंडावर विचारलं की नाही म्हणणं जड जातं, म्हणून होकार-नकाराच्या चिठ्ठ्या घडी घालून बाईंच्या टेबलावरच्या डब्यात टाकायला सांगा. दुसऱ्या पद्धतीत एक काम वाढतं. दोन दिवसांच्या उत्तरपत्रिका जुळवायच्या असतात, पण नाव लिहायचं नसतं. आम्ही प्रत्येकाला एक क्रमांक दिला आणि यादी बाईंकडे ठेवली. मधेच कुणाला बाहेर पडायचं असेल तर त्या क्रमांकाचे दोन्ही कागद काढून टाकता येतात. उत्तरं मात्र सगळ्यांनी पेननेच लिहायची, म्हणजे तपासणाऱ्याला टिपणं कशी काढली होती हे कळत नाही.

एक अडचण कुठल्याच मांडणीने सुटत नाही, ती म्हणजे मराठी टायपिंग. 'प्रत्यक्ष' हा शब्द वहीत क्षणात उतरतो. सवय नसलेल्याचा हात कळफलकावर 'क्ष' शोधत राहतो आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निघून गेलेलं असतं. अशा वेळी कमी गुण पडले तर दोष पद्धतीचा की कळफलकाचा? आमच्यातल्या एकीने मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा दिलेली होती, तिची गोष्ट अगदीच वेगळी होती. म्हणून आधी प्रत्येकाला दोन मिनिटं छापील मजकूर पाहून टाइप करायला द्या आणि शब्द मोजून ठेवा. नंतर हळू टाइप करणाऱ्यांतच फरक मोठा दिसला, तर तो वेगाचा परिणाम असू शकतो हे अहवालात लिहा. इथेही दुसरी पद्धत जास्त कामाची ठरते, कारण प्रत्येकाचा स्वतःचा फरक त्याच्या वेगाशेजारी मांडता येतो. दोन गटांत टायपिंगवाल्याचा वहीचा आकडाच आपल्याकडे नसतो.

आकडेमोडही हलकी होते. वीस जणांपैकी किती जणांना वहीत जास्त गुण पडले एवढंच मोजा, बरोबरीवाले सोडून द्या. नाणं वीस वेळा उडवलं तर एकच बाजू पंधरा किंवा जास्त वेळा पडणं शंभरात साधारण चारदाच घडतं. पंधरा आले तर काहीतरी आहे, बारा आले तर फरक दिसला नाही असं लिहायचं. आमचे बारा आले आणि आम्ही तसंच लिहिलं.

एकच दिवस मिळत असेल आणि चाळीस-पन्नास मुलं बसणार असतील, तर दोन गट करायला माझी हरकत नाही. वीसच्या आसपास मुलं आणि दोन तास वेगवेगळ्या दिवशी मिळत असतील, तर मी प्रत्येकाकडून दोन्ही करून घेईन.