नोटीस कमी करून मागावी की पैसे भरून सुटावं?

समजा, दारव्ह्याकडचा एक पोरगा बियाणे कंपनीत फील्ड ऑफिसर आहे. महिन्याचा पगार ३६,०००, त्यात बेसिक १८,०००, नोटीस ९० दिवसांची. १ मेपासून नोटीस धरली तर तो २९ जुलैला मोकळा होतो. नागपूरच्या नव्या कंपनीला तो १ जुलैला हवा आहे, म्हणजे २९ दिवसांचा प्रश्न.

त्याने आधी जुनं नेमणूकपत्र काढून नोटिशीचं कलम वाचावं. 'नोटीस किंवा त्याऐवजी पगार' एवढंच लिहिलं असेल, तर पैसे भरून सुटता येतं. पण पुढे 'कंपनीच्या मर्जीनुसार' असं असेल, तर पैसे हातात असूनही साहेब नाही म्हणू शकतो. मे-जून म्हणजे खरिपाच्या विक्रीचा हंगाम, त्यामुळे तो नाही म्हणण्याचीच शक्यता जास्त.

विनंती करून मुदत कमी झाली, तर खिशातून काही जात नाही. हंगामात हे जमवायचं तर पेरणी उरकेपर्यंत थांबतो, विक्रेत्यांची उधारी आणि साठ्याचा हिशोब लिहून देतो, असं साहेबांना सांगावं. मात्र उत्तर यायला वेळ लागतो आणि तोंडी 'हो' पुढे फिरू शकतो.

पैसे भरून सुटायचं, म्हणजे बायआउट करायचं, तर तारीख पक्की होते, पण रक्कम कशावर मोजणार ते आधी विचारा. बेसिकवर २९ दिवसांचे १७,४०० होतात, पूर्ण पगारावर ३४,८००. दहा रजा शिल्लक असतील आणि कंपनी त्या वळती करत असेल, तर बेसिकवर ११,४०० उरतात. वर कोणी जीएसटी लावत असेल तर हरकत घ्या. नोटिशीच्या वसुलीवर जीएसटी नाही, हे केंद्राने ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे.

जुन्या कंपनीतून सोडवणं रिक्रूटरच्या हातात नाही. तो रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून देऊ शकतो, किंवा भरलेले पैसे परत मिळवून देऊ शकतो. म्हणून ऑफर पक्की होण्याआधीच विचारा: "मॅडम, माझी नोटीस ९० दिवसांची आहे. ३० जूनपर्यंत सुटण्याचा प्रयत्न करतो. नाही जमलं तर तारीख जुलैअखेर चालेल का? आणि बायआउट भरावं लागलं तर कंपनी किती देईल, केव्हा देईल?" 'लगेच येतो' असं आधीच बोलू नका, मग तारीख वाढवून मागायला जागा उरत नाही.

परतफेड बहुधा पहिल्या पगारासोबत येते, म्हणून तोवरचे पैसे आपल्यालाच उभे करावे लागतात. ती पगारात धरली जाते आणि त्यावर कर लागू शकतो. वर्षाच्या आत सोडलं तर परत करा, अशी अटही असते. हे सगळं ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.

या पोराला मी आधी विनंतीच करायला सांगेन, आणि सोबत नव्या कंपनीकडून जुलैअखेरची तारीख मागून ठेवायला. पैसे भरणं तेव्हाच, जेव्हा नवी कंपनी ते लेखी देते आणि जुनी कंपनी रिलीव्हिंग लेटर द्यायला मेलवर कबूल होते. ते पत्र न घेता निघालं, तर पुढच्या पडताळणीत अडतं.